सहा चौरस आणि समोरची भिंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. म्हणून आज एकच गणित घेतो आणि ते शेवटपर्यंत सोडवतो. गणित लहान आहे, पाचवीतल्या मुलाला कळेल असं आहे. पण ते नीट सोडवलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

एकाच मापाचे सहा चौरस कागदावर कडेला कड लावून मांडायचे. कड पूर्ण कडेला टेकली पाहिजे, अर्धवट सरकवलेली चालणार नाही आणि नुसता कोपऱ्याला कोपरा लागून भागणार नाही. असे किती वेगवेगळे आकार होतात? फिरवून किंवा पालथा घालून जो आकार दुसऱ्याशी जुळतो तो वेगळा धरायचा नाही. उत्तर आहे ३५. अमेरिकन गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ साली, विद्यार्थी असताना, हार्वर्डच्या गणित मंडळात एक भाषण दिलं. चौरस जोडून होणाऱ्या अशा सगळ्या आकारांना ‘पॉलिओमिनो’ हे नाव त्यांनी तिथं दिलं आणि तेव्हापासून या विषयाला घर मिळालं.

आता प्रश्न असा, की या ३५ आकारांपैकी कोणते आकार कडांवर घड्या घालून बंद घन होतात? म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत, घनाच्या घडणी कोणत्या?

नेहमीचा उपाय म्हणजे डोळे मिटून मनातल्या मनात कागद दुमडत बसायचं. काही मुलांना ते सहज जमतं, बऱ्याच जणांना जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांना आपण ‘याची कल्पनाशक्ती कमी’ असं म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. तिसऱ्या घडीनंतर कागद कुठल्या अंगाला वळला हे लक्षात ठेवणं हे स्मरणशक्तीचं ओझं आहे, आणि ते ओझं उचलायची इथं गरजच नाही. कागद सपाट असतानाच सगळं ठरवता येतं.

त्यासाठी घनाची एकच गोष्ट धरून ठेवायची. घनाच्या प्रत्येक पृष्ठाला शेजारी चार असतात, पण समोरचं पृष्ठ एकच. शेजाऱ्यांचा हिशेब ठेवायला गेलं की गोंधळ होतो, कारण ते चार आहेत आणि त्यांचा क्रमही सांभाळावा लागतो. समोरच्याचा हिशेब सोपा, कारण जोडीदार एक. सहा पृष्ठांच्या तीन जोड्या, बस्स. तेव्हा आपण सपाट कागदाला एवढंच विचारायचं, की तुझ्या सहा चौरसांच्या तीन जोड्या पडतात का?

जोड्या ओळखायच्या कशा, हे पाहण्यासाठी खोलीची कल्पना करू या. एका सरळ रांगेतले चौरस म्हणजे खोलीच्या भिंती. रांग उभी केली आणि प्रत्येक कडेवर काटकोनात वळवली, की पहिला चौरस उत्तरेची भिंत, दुसरा पूर्वेची, तिसरा दक्षिणेची आणि चौथा पश्चिमेची. आता उत्तरेच्या समोर दक्षिण, म्हणजे पहिल्याच्या समोर तिसरा. पूर्वेच्या समोर पश्चिम, म्हणजे दुसऱ्याच्या समोर चौथा. हा पहिला नियम: सरळ रांगेत एक सोडून पुढचा चौरस हा समोरचा. रांगेत पाचवा चौरस असेल तर तो पुन्हा उत्तरेच्याच भिंतीवर जाऊन बसतो, म्हणून पाच किंवा सहा एका रांगेत असले की तो आकार बाद.

रांगेला वरच्या अंगाने एखादा चौरस चिकटलेला असेल तर त्याला आपण पंख म्हणू. भिंती उभ्या राहिल्यावर हा पंख आत वळतो आणि खोलीचं छत होतो. इथं नीट लक्ष द्या. पंख पहिल्या भिंतीच्या माथ्यावर असो की तिसऱ्या भिंतीच्या, छत तेच. चारही भिंतींच्या माथ्यावर टेकणारं छत एकच असतं. तसंच खालच्या अंगाचा पंख कुठल्याही भिंतीच्या पायथ्याशी असला तरी त्याची जमीनच होणार. म्हणून दुसरा नियम: रांगेच्या एका अंगाला एक पंख आणि दुसऱ्या अंगाला दुसरा पंख असेल, तर ते दोघे एकमेकांसमोर, मग ते रांगेत कुठेही असोत. रांग दोनच चौरसांची असली तरी हे खरं आहे, कारण एका कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन भिंतींनासुद्धा वर छत आणि खाली जमीन असतेच. अशा वेळी चार चौरसांचा आकार इंग्रजी झेडसारखा किंवा एससारखा दिसतो आणि त्याची दोन टोकं समोरासमोर येतात. शिकवणीवर्गात याला ‘झेडचा नियम’ म्हणतात. मुलं तो पाठ करतात, पण तो छत आणि जमीन यांचा नियम आहे हे त्यांना सांगितलेलं नसतं. त्यामुळे मधला दांडा तीन किंवा चार चौरसांचा झाला की त्यांची गाडी अडते.

याच नियमाची दुसरी बाजूही तितकीच कामाची आहे. एकाच अंगाला दोन पंख असले तर दोन छतं होतात. म्हणजे दोन चौरस एकाच जागी येतात आणि दुसरीकडे कुठेतरी एक भिंत उघडी राहते. आकार बाद.

रांग म्हणजे आडवीच असं नाही. कागद नव्वद अंशांत फिरवा, उभी रांगही भिंतींची रांगच. एकाच आकारात तीन-चार रांगा सापडतात आणि प्रत्येकीला हेच दोन नियम लावायचे.

एका प्रकारचे आकार मात्र या नियमांच्या आधीच बाजूला काढायचे, ते म्हणजे ज्यांत चार चौरस मिळून दोन बाय दोनचा चौकोन झाला आहे. घनाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीनच पृष्ठं मिळतात, तीन काटकोन, २७० अंश. या चौकोनाच्या मध्यबिंदूभोवती चार काटकोन आहेत, पूर्ण ३६० अंश. न कापता तिथं कोपरा उभाच राहणार नाही, पुठ्ठा नुसता सपाट पडून राहील. ३५ पैकी ८ आकारांत असा चौकोन आहे. म्हणजे खरी परीक्षा उरलेल्या २७ आकारांची.

आता एक आकार हातात घेऊन पाहू. मी मुद्दाम फसवा आकार निवडला आहे.

```
१ २ ३ ·
· · ४ ५
· · · ६
```

यात पाचची रांग नाही. दोन बाय दोनचा चौकोन नाही. एका अंगाला दोन पंख असलेली रांगही नाही. पायऱ्या उतरत गेल्यासारखा हा आकार मोठा साळसूद दिसतो आणि पुष्कळ लोक तो ‘घन होतो’ असं सांगतात. आपण जोड्या लावू.

पहिल्या ओळीत १, २, ३ सरळ रांगेत आहेत. एक सोडून पुढचा, म्हणून १ च्या समोर ३. आता ३ आणि ४ यांची उभी रांग घ्या. तिच्या डाव्या अंगाला २ हा पंख, उजव्या अंगाला ५ हा पंख. म्हणून २ च्या समोर ५. आतापर्यंत ठीक. आता ४ आणि ५ यांची आडवी रांग घ्या. तिच्या वरच्या अंगाला ३, खालच्या अंगाला ६. म्हणून ३ च्या समोर ६.

इथं चोरी पकडली जाते. ३ च्या समोर १ आणि ३ च्या समोर ६ सुद्धा. एका भिंतीसमोर दोन भिंती असू शकत नाहीत, तेव्हा १ आणि ६ एकाच जागी एकावर एक बसणार. आणि ४? त्याला जोडीदारच मिळाला नाही. म्हणजे ४ च्या समोरची बाजू उघडी राहणार. नियमांनी नुसतं ‘होत नाही’ एवढं सांगितलं नाही. कोण कोणावर चढेल आणि भोक नेमकं कुठे पडेल, तेही सांगितलं. घरी गेल्यावर जाडसर पुठ्ठ्यावर हा आकार काढा, कडांवरून बोथट टोकानं रेघ ओढून दुमडा आणि पाहा. ३ ला तळ धरलं तर २ पश्चिमेला उभा राहतो, ५ पूर्वेला, ४ दक्षिणेला, १ आणि ६ दोघंही झाकण होऊ पाहतात आणि उत्तरेकडून आत हात जातो.

दुरुस्ती कशी करायची तेही लगेच दिसतं. ४ ला जोडीदार हवा आहे आणि ६ नको तिथे आहे. ६ ला ५ च्या खालून काढून ५ च्या उजवीकडे ठेवा. आता ४, ५, ६ सरळ रांगेत आले, ४ च्या समोर ६. १ च्या समोर ३, २ च्या समोर ५ हे आधीचं तसंच. तीन जोड्या पूर्ण, घन बंद. तीन चौरसांच्या दोन रांगा, एकमेकींना टोकाशी चिकटलेल्या:

```
१ २ ३ · ·
· · ४ ५ ६
```

आकाराकडे पाहून तो घन होईल असं कोणाला वाटणार नाही, पण होतो.

तर मग अशा घडणी एकूण किती? याचं उत्तर ११ हे पुष्कळ पुस्तकांत छापलेलं असतं, आणि अकरा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. बारावी घडण का नाही, हे तक्ता सांगत नाही. आपले नियम ते सांगतात. सर्वांत लांब रांग किती चौरसांची, एवढंच पाहत जाऊ.

सर्वांत लांब रांग चारची असेल तर चारही भिंती तयार आहेत. उरलेले दोन चौरस छत आणि जमीन व्हायला हवेत. दोन्ही एका अंगाला पंख म्हणून लावले तर दोन छतं. एक पंख लावला आणि दुसरा त्या पंखाच्याच डोक्यावर सरळ ठेवला, तर तो पंखाखालच्या भिंतीसमोर येतो, आणि त्या भिंतीला रांगेत आधीच जोडीदार आहे. पंखाच्या शेजारी ठेवला तर दोन बाय दोनचा चौकोन होतो. टोकाच्या पंखाला बाहेरच्या बाजूने लावला तर चौकोन टळतो, पण झेडच्या नियमानं तो रांगेतल्या अशा भिंतीसमोर येतो जिचं लग्न आधीच झालेलं आहे. तेव्हा एकच मार्ग उरतो: एक पंख वर, एक खाली, आणि मग दोघं कुठेही चालतील. वरचा पंख टोकाच्या चौरसावर धरला तर खालच्याला चार जागा, म्हणजे चार घडणी. दोन्ही पंख मधल्या चौरसांवर असतील तर ते एकाच चौरसाच्या वर-खाली किंवा शेजारच्या चौरसांवर, म्हणजे आणखी दोन. वरचा मध्ये आणि खालचा टोकाला असेल तर कागद पालथा घातला की पहिल्या चारांपैकीच एक दिसतो. एकूण सहा. आपल्या ओळखीचा क्रॉसचा आकार यातलाच एक.

सर्वांत लांब रांग तीनची असेल तर गणित जरा रंगतं. तीन चौरस उरतात, पण रांगेच्या प्रत्येक अंगाला पंख एकच चालतो. म्हणजे निदान एका पंखाला पुढे शेपूट फुटायलाच हवं. पंख टोकाच्या चौरसाखाली असेल तर शेपूट सरळ खाली नेता येत नाही, कारण मग टोकाच्या चौरसाला दोन जोडीदार होतात, एक रांगेतला आणि एक खालचा. आत वळवलं की चौकोन होतो. बाहेरच वळावं लागतं:

```
१ · · ·
२ ३ ४ ·
· · ५ ६
```

जोड्या पाहा. २ समोर ४, रांगेतले. १ समोर ५, रांगेच्या वरचा आणि खालचा पंख. ४ आणि ५ यांच्या उभ्या रांगेला डावीकडून ३ आणि उजवीकडून ६, म्हणून ३ समोर ६. आता १ ला उचलून ३ च्या डोक्यावर ठेवा, किंवा ४ च्या डोक्यावर ठेवा. तो छतच राहतो, जोड्या बदलत नाहीत. म्हणून या घराण्यात तीन घडणी. वरचा पंख काढून टाकून शेपूट आणखी एक चौरस सरळ बाहेर वाढवलं, तर मघाची तीन-तीनची घडण मिळते. बाहेर न वाढवता खाली वळवलं, तर मघाचा फसवा आकार मिळतो. पंख मधल्या चौरसाखाली असेल तर? मग दोन्ही शेजाऱ्यांमुळे शेपटाला आडवं वळायला जागा नसते, ते सरळ खालीच जाणार. तो आकार फिरवून पाहिला की या तिघांपैकीच एक असल्याचं लक्षात येतं. म्हणजे तीनच्या रांगेच्या घडणी तीन अधिक एक, चार.

आणि सरळ रांग दोनच चौरसांची असेल तर प्रत्येक पावलाला वळत जावं लागतं. एकाच दिशेनं पुन्हा वळलं की चौकोन होतो, म्हणून आलटून पालटून. असा आकार एकच आहे:

```
१ २ · ·
· ३ ४ ·
· · ५ ६
```

यात सरळ तीन कुठेच नाहीत. पहिला नियम एकदाही लागत नाही, सगळं काम दुसऱ्या नियमावर. २-३ या उभ्या रांगेनं १ आणि ४ ची जोडी लावली, ३-४ या आडव्या रांगेनं २ आणि ५ ची, ४-५ या उभ्या रांगेनं ३ आणि ६ ची. मला विचाराल तर सगळ्या घडणींत ही सर्वांत देखणी.

सहा, चार आणि एक. अकरा. बारावीला जागाच नाही. तक्ता पाहून हे अकरा लक्षात ठेवणं आणि ते अकराच का हे पाहणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता थोडं मागे येऊन उलटा प्रवास पाहू. तयार घन घेतला आणि कात्रीनं कडा कापून तो सपाट केला, तर किती कडा कापाव्या लागतील? घनाला १२ कडा. सहा चौरस एकसंध राहायचे तर त्यांच्यामध्ये ५ कडा शाबूत हव्यात, कमी चालत नाहीत. जास्त असल्या तर सपाट होणार नाही. म्हणून ७ कडा, नेहमी सातच, कुठल्याही पद्धतीनं कापा. कापलेली प्रत्येक कड कागदावर दोनदा दिसते, म्हणून प्रत्येक घडणीची परिमिती चौरसाच्या बाजूच्या १४ पट. कापण्याचे मार्ग मोजले तर ते ३८४ भरतात, पण सपाट झाल्यावर त्यांतून आकार अकराच निघतात.

पुठ्ठ्याचे ठोकळे करणाऱ्यांना या १४ चा एक रोकडा उपयोग आहे. गोंद लावायच्या पट्ट्या कुठे ठेवायच्या याचा नेहमी घोळ होतो. दोन पट्ट्या एकाच कडेवर येतात आणि दुसरी कड उघडी पडते. उपाय असा: घडणीच्या कडेकडेनं बोट फिरवत जा आणि एक बाजू सोडून एक अशी पट्टी काढा. १४ बाजूंपैकी ७ ला पट्टी. अकराही घडणींत हे बिनचूक जमतं. कारण असं, की जोडीनं चिकटणाऱ्या दोन बाजूंच्या मध्ये ज्या बाजू येतात त्या आपसातच चिकटून संपतात, म्हणून त्यांची संख्या नेहमी सम असते. एकाआड एक गेलं की जोडीतल्या एका बाजूला पट्टी येतेच आणि दुसरीला येत नाही.

ठोकळा असा उलगडून कागदावर मांडायची रीत छापील पुस्तकात आणली ती जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानं. १५२५ साली त्यानं कंपास आणि पट्टीनं करायच्या मोजणीवर कारागिरांसाठी एक पुस्तक काढलं. त्यात घनासकट अनेक ठोकळ्यांच्या घडणी आहेत. पुढं १९७५ मध्ये जेफ्री शेफर्ड या इंग्रज गणित्यानं विचारलं, की ज्याला कुठेही खड्डा नाही असा सपाट पृष्ठांचा कोणताही ठोकळा घेतला, तर फक्त त्याच्या कडा कापून तो एकसंध आणि स्वतःवर न चढता सपाट करता येतोच का? घनासाठी आपण आत्ता पाहिलं. सर्व ठोकळ्यांसाठी उत्तर आजही कोणाला ठाऊक नाही.

आता शेवटचा भाग, आणि तो परीक्षांशी संबंधित आहे. आपल्याकडे बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात या विषयाचा प्रश्न बहुधा दुसऱ्या रूपात येतो. घडणीवर आकडे किंवा चिन्हं छापलेली असतात आणि खाली चार ठोकळे काढलेले असतात. यातला कोणता ठोकळा या घडणीपासून बनेल?

इथंही समोरच्या जोड्यांनी बहुतेक काम होतं. ठोकळ्याच्या चित्रात तीन पृष्ठं दिसतात आणि ती तिन्ही एकमेकांची शेजारी असतात. तेव्हा ज्या पर्यायात समोरासमोरच्या जोडीतली दोन्ही चिन्हं एकदम दिसतात तो पर्याय खोडायचा. मात्र एक गोष्ट सांभाळा. समोरच्या आकड्यांची बेरीज सात हा फाशांचा रिवाज आहे, घनाचा नियम नव्हे. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या फाशांवर १ च्या समोर २, ३ च्या समोर ४ आणि ५ च्या समोर ६ आहेत. प्रश्नात जे छापलं आहे त्यावरूनच जोड्या लावायच्या.

पण जोड्या कळल्या म्हणजे ठोकळा कळला का? नाही, आणि हे सांगितल्याशिवाय आजचं गणित पूर्ण होत नाही. घनावर १ ते ६ आकडे मांडायचे वेगवेगळे प्रकार ३० आहेत. समोरच्या तीन जोड्या ठरल्या की त्या तिसांपैकी दोनच उरतात, आणि ते दोन एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात. त्या दोघांत निवड करणं समोरच्या नियमाच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथं कोपरा पाहावा लागतो.

```
· १ · ·
२ ३ ५ ४
· ६ · ·
```

जोड्या २ समोर ५, ३ समोर ४, १ समोर ६. आता ३ च्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथं १, २ आणि ३ मिळतात. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं जाताना क्रम लागतो १, २, ३. कागदाची कोरी बाजू आत आणि छापील बाजू बाहेर ठेवून घडी घातली, तर घन झाल्यावरही बाहेरून पाहताना हा क्रम तोच राहतो, कारण त्या कोपऱ्याभोवती आपण फक्त एक रिकामी फट मिटवतो. म्हणून ज्या पर्यायात १, २, ३ घड्याळाच्या दिशेनं जातात तो पर्याय चूक, जरी त्यात जोड्यांचा नियम कुठेही मोडलेला नसला तरी. हा फरक बाजारातल्या फाशांतही आहे. युरोप-अमेरिकेतल्या फाशांवर १, २, ३ साधारणपणे घड्याळाच्या उलट दिशेनं जातात, चिनी फाशांवर घड्याळाच्या दिशेनं. दोघांच्याही समोरच्या बेरजा सातच.

आणि घडी उलटी घातली, छापील बाजू आत ठेवली, तर? जोड्या त्याच राहतील. बाहेरून कोरा पुठ्ठा दिसेल. पण चिन्हं कागदावर आरपार उमटलेली आहेत असं मुलानं धरलं, तर त्याला आरशातला ठोकळा दिसेल आणि त्या गृहीतावर त्याचं उत्तर बरोबरच असेल. अशा प्रश्नांत हुशार मुलं चुकतात ती बहुधा इथं. त्यांनी विचार केलेला असतो, प्रश्नानं केलेला नसतो.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणारे जे कोणी या सभेत असतील किंवा हे भाषण छापील वाचतील, त्यांना एक विनंती. घडणीचा प्रश्न देताना ‘छापील बाजू बाहेर राहील अशी घडी घालावी’ ही एक ओळ प्रश्नाच्या वर घाला. आणि चार पर्यायांपैकी दोन जर एकमेकांची प्रतिबिंबं असतील, तर ती ओळ घातल्याशिवाय तो प्रश्न छापायला देऊ नका.